लीड्समधली पहिली रात्र आणि एकही न बसणारा चार्जर

आधी एक खुलासा. मी औंधचा. पुण्यातलं नव्हे, सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं. यमाईचा डोंगर आणि भवानी संग्रहालय असलेलं औंध. पुण्यात शिकायला आल्यापासून हा खुलासा मी किती वेळा केलाय ते मोजायचं सोडून दिलंय, पण इथे तो करायला लागतो, कारण या गोष्टीतला पहिला घोळ आमच्या भागातल्या एका दुकानातच झाला.

इंग्लंडला, लीड्सला मास्टर्ससाठी निघायच्या आदल्या आठवड्यात बाबा मला घेऊन इलेक्ट्रिकच्या दुकानात गेले. "पोरगा फॉरेनला चाललाय, त्याला फॉरेनचा अडॅप्टर द्या." दुकानदार काकांनी ड्रॉवरमधून एक काढला आणि काउंटरवर ठेवला. आपला तीन पिनांचा प्लग त्यात मस्त बसत होता. दुसऱ्या बाजूला दोन गोल पिना होत्या. आम्ही खूश. "फॉरेन" म्हणजे एकच देश नसतो, हे त्या क्षणी बाबांच्या, काकांच्या आणि इंजिनिअरिंगची डिग्री घेतलेल्या माझ्याही डोक्यात आलं नाही.

मँचेस्टरला विमान उतरलं, तिथून ट्रेनने लीड्स, आणि रविवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास मी हॉस्टेलच्या खोलीत पोहोचलो. फोनवर ६ टक्के. भारतात रात्रीचे अकरा वाजले होते आणि आई जागी होती. शिवाय खोलीची कागदपत्रं, व्हिसाचं ऑनलाइन खातं, बँकेचे ओटीपी, दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला विद्यापीठात कुठल्या इमारतीत जायचं ते, सगळं त्या फोनमध्ये. पॉवर बँक मी केबिन बॅगेचं वजन कमी करताना घरीच काढून ठेवली होती.

भिंतीवरच्या बोर्डाकडे बघितलं आणि पोटात गोळा आला. तीन चौकोनी फटी. वरची उभी, खालच्या दोन आडव्या. माझ्याकडे काय? फोनचा दोन गोल पिनांचा चार्जर, लॅपटॉपचा तीन गोल पिनांचा प्लग, बाबांनी प्रेमाने दिलेला एक्स्टेंशन बोर्ड (तोही तीन गोल पिनांचा), आणि तो "फॉरेनचा" अडॅप्टर, ज्याच्या दोन गोल पिना जर्मनी-फ्रान्समध्ये चालतात. इंग्लंडमध्ये नाही. चारही वस्तू बिनकामाच्या.

दुकान शोधायला बाहेर पडलो तर जवळचं मोठं सुपरमार्केट बंद. इंग्लंडमध्ये मोठी दुकानं रविवारी फक्त सहा तास उघडी ठेवता येतात, तसा १९९४ चा कायदाच आहे. छोटी दुकानं उघडी असतात, पण अनोळखी शहरात, अंधार पडताना, ६ टक्क्यांवर नकाशा लावून ती शोधत फिरायची माझी हिंमत झाली नाही. परत खोलीत आलो.

आता खरी परीक्षा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो व्हिडिओ बघितला असेल. वरच्या फटीत पेनाचं टोक घालून दाबायचं, मग खालच्या दोन फटींच्या झडपा उघडतात, आणि त्यात दोन पिनांचा चार्जर ढकलायचा. माझ्या हातात पेन होतं. मी खरंच वाकून बसलो होतो.

तो उपाय चालतो का? बहुतेक वेळा चालतो. तरी तो का करू नये, यासाठी त्या झडपा कशाला आहेत ते बघू. ब्रिटिश प्लगची वरची पिन अर्थिंगची असते आणि ती बाकी दोन पिनांपेक्षा लांब असते. प्लग आत जाताना ती सगळ्यात आधी आत शिरते आणि खालच्या झडपा सरकवते. म्हणजे अर्थिंग जोडलं गेल्याशिवाय वीज असलेल्या फटी उघडतच नाहीत, आणि लहान मुलाने नुसती तार किंवा चमचा खालच्या फटीत घातला तरी तो झडपेवर अडतो. पेनाने आपण नेमकी हीच सोय निकामी करतो. दुसरी अडचण जास्त वाईट. आतल्या पट्ट्या चपट्या, चौकोनी पिना धरायला बनवलेल्या असतात. आपली बारीक गोल पिन त्यांच्यात एखाद्या रेषेवर कशीबशी टेकते. एवढ्याशा जागेतून करंट जायला लागला की ती जागा गरम होते, बारीक ठिणग्या पडतात. कान लावला तर चुरचुर आवाज येतो, कधी प्लास्टिक जळाल्याचा वास येतो. ही दोन्ही लक्षणं दिसली की प्लग ओढायला न जाता आधी बाजूचं बटण बंद करायचं.

पेन खाली ठेवलं, ते काही फार शहाणपणाने नाही. हॉस्टेलच्या पहिल्याच रात्री फ्यूज उडवून सगळ्यांना अंधारात बसवणारा भारतीय मुलगा म्हणून ओळख नको होती, एवढंच.

मग लक्षात आलं की माझ्याजवळ एक मोठी बॅटरी आहेच. लॅपटॉप.

याचा हिशोब करून बघा, सोपा आहे. माझ्या लॅपटॉपची बॅटरी ५० वॅट-अवरची, ती ७० टक्के भरलेली, म्हणजे ३५ वॅट-अवर शिल्लक. फोनची बॅटरी ५००० एमएएच. एमएएचला हजाराने भागून बॅटरीच्या साधारण ३.८५ व्होल्टने गुणलं की वॅट-अवर मिळतात, म्हणजे जेमतेम १९. कागदावर फोन पूर्ण भरायला हवा. पण लॅपटॉपच्या साध्या यूएसबी पोर्टमधून साधारण साडेचार वॅटच निघतात, आणि पोर्ट चालू राहायला लॅपटॉप जागा ठेवावा लागतो. स्क्रीन अगदी मंद केली तरी तो स्वतः सहा-सात वॅट खातो. दोन्ही मिळून तासाला ११ वॅट-अवर. म्हणजे ३५ वॅट-अवर तीन तासांत संपणार, आणि त्यातले फोनपर्यंत पोहोचणार साडेतेरा, वाटेतली गळती धरली तर ११ च्या आसपास. फोन ६ वरून ६० च्या थोडा पुढे.

तसंच झालं. रात्री दहाला लॅपटॉप गेला आणि फोन ६२ वर होता. आईला फोन केला. भारतात अडीच वाजले होते. "जेवलास का?" एवढंच विचारलं तिने.

(काही लॅपटॉपच्या एका पोर्टजवळ छोटं विजेचं किंवा बॅटरीचं चिन्ह असतं. ते पोर्ट लॅपटॉप बंद असतानाही वीज देतं. माझ्याकडे ते असतं तर लॅपटॉपने स्वतः खाल्लेली वीज वाचली असती आणि फोन जवळजवळ भरला असता. तुमच्याकडे आहे का, ते आजच बघून ठेवा.)

सोमवारी सकाळी एका छोट्या दुकानातून काही पौंडांना अडॅप्टर घेतला. पुढे सगळ्या जगातले प्लग बसतील अशी वेडीवाकडी भोकं, मागे ब्रिटिश तीन पिना. लॅपटॉप लावला, चार्जिंग सुरू झालं. विषय संपला असं वाटलं.

संपला नव्हता. दोन दिवसांनी लक्षात आलं की चार्जिंग चालू असताना लॅपटॉपच्या धातूच्या अंगावरून मनगट फिरवलं की हलक्या झिणझिण्या येतात. मुंग्या आल्यासारखं. चार्जर काढला की एकदम गुळगुळीत. घरी असं कधी झालं नव्हतं.

आमच्या फ्लॅटमध्ये एक सीनियर दादा होता, सोलापूरकडचा, इलेक्ट्रिकलचा. त्याने लॅपटॉपला हातही लावला नाही. अडॅप्टर भिंतीतून काढला, मोबाइलचा टॉर्च लावला आणि मला भोकात बघायला सांगितलं. खालच्या दोन भोकांत पितळी पट्ट्या चमकत होत्या. अर्थिंगच्या भोकात काहीच नव्हतं, नुसतं प्लास्टिक. माझ्या प्लगची जाडी पिन त्यात जाऊन नुसती बसत होती, कशालाच जोडलेली नव्हती.

"तुझ्या चार्जरच्या ठोकळ्यात एक छोटा कपॅसिटर असतो," तो म्हणाला. "वीज खडबडीत असते, तिचा कचरा बाहेर टाकायला. त्यातून अगदी थोडा करंट सतत गळत असतो. अर्थिंग असलं की तो गुपचूप जमिनीत जातो. तू त्याचा रस्ताच बंद केलास, मग तो लॅपटॉपच्या बॉडीवर येऊन बसला. तू हात लावलास की तुझ्यातून जातोय."

हा करंट एक मिलिअँपिअरपेक्षाही कमी असतो, त्यामुळे त्या झिणझिण्यांनी सहसा इजा होत नाही. पण त्या निरोप देतात की अर्थिंग पोहोचत नाहीये. उद्या चार्जरमध्ये खरोखर बिघाड झाला, तर जी वीज अर्थिंगमधून जाऊन फ्यूज उडवायला हवी, तिलाही रस्ता नसेल. दादाने मल्टीमीटरनेही तपासलं. एक टोक अडॅप्टरच्या लांब पिनेला, दुसरं पुढच्या अर्थिंगच्या भोकात. मीटर वाजायला हवा होता, गप्प राहिला. मल्टीमीटर नसेल तर टॉर्च पुरतो.

इथे एक गफलत होऊ नये म्हणून सांगतो. ब्रिटिश मोबाइल चार्जरची वरची पिन बऱ्याचदा प्लास्टिकचीच असते. ते नकली नाही. मोबाइल चार्जर दुहेरी इन्सुलेशनचे असतात, त्यांना अर्थिंग लागतच नाही, ती पिन फक्त झडप उघडायला असते. प्रश्न येतो तो तीन पिनांची वस्तू बिनअर्थिंगच्या अडॅप्टरमधून चालवली की.

मग दादाने मला जे सांगितलं ते मला औंधलाच कुणी सांगायला हवं होतं. "अडॅप्टर कशाला घेतोस? वायर बदल ना."

तुमच्या लॅपटॉपचा चार्जर आत्ता हातात घ्या. मधे काळा ठोकळा असतो. ठोकळ्यापासून लॅपटॉपपर्यंतची वायर बहुतेक पक्की असते. पण ठोकळ्यापासून भिंतीपर्यंतची वायर ओढली की निघते. ठोकळ्यावर जिथे ती बसते तिथे तीन गोल एकमेकांना चिकटल्यासारखा आकार दिसला, तर त्याला सगळे मिकी माऊस म्हणतात, दुकानात सी-५ सांगायचं. आठच्या इंग्रजी आकड्यासारखा आकार असेल तर सी-७. हे आकार जगभर सारखेच आहेत. म्हणजे ठोकळा तोच ठेवायचा आणि एका टोकाला सी-५, दुसऱ्या टोकाला ब्रिटिश प्लग असलेली वायर घ्यायची. मी ती पाच-सहा पौंडांत घेतली. अडॅप्टर नाही, ढिलं बसणं नाही, अर्थिंग थेट. झिणझिण्या त्याच दिवशी बंद झाल्या.

पण ठोकळा तिथली वीज सोसेल का? त्याचं उत्तर ठोकळ्यावरच छापलेलं असतं. माझ्यावर हे होतं:

```
INPUT: 100-240V~ 50/60Hz 1.7A
```

१०० ते २४० म्हणजे जगातल्या जवळपास कुठल्याही घरातली वीज याला चालते. भारत आणि ब्रिटन दोन्हीकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, त्यामुळे आपल्याकडचं बाकी सामानही तिथे विजेच्या दृष्टीने चालतं, अडतं ते फक्त पिनेवर. अमेरिकेत मात्र १२० व्होल्ट. तिथे फोन-लॅपटॉप बिनधास्त चालतील, पण ज्या वस्तूवर नुसतं 230V लिहिलंय ती नाही. आईने दिलेला ७०० वॅटचा राइस कुकर तिथे लावला तर व्होल्टेज निम्म्यावर येताच ताकद जवळपास चौथाईवर येते, १९० वॅटच्या आसपास. भात शिजायच्या आधी तुम्ही बाहेरून मागवून जेवलेले असाल.

नवीन वायरच्या प्लगवर स्क्रू होता. उघडला तर आत बोटाच्या पेराएवढा फ्यूज, त्यावर ३ लिहिलेलं. आपल्या प्लगमध्ये असं काही नसतं. ब्रिटनमध्ये बऱ्याच घरांत सॉकेटची वायर मेन बोर्डातून निघते, खोल्याखोल्यांतून फिरते आणि परत बोर्डातच येते, पूर्ण कडं करून. त्या कड्यावर ३२ अँपिअरचा ब्रेकर. आता तुमच्या लॅपटॉपच्या बारीक वायरमधून १५ अँपिअर जायला लागले तर ती वायर वितळेल, पण ३२ चा ब्रेकर ढिम्म हलणार नाही. म्हणून प्रत्येक प्लगमध्ये त्या त्या वस्तूचा वेगळा फ्यूज. ३ चा फ्यूज साधारण ७०० वॅटपर्यंत, त्यापुढच्या किटली-इस्त्रीला १३ चा. माझा लॅपटॉप ६५ वॅट, फोन २५. दोन्ही मिळून ९० वॅट, भागिले २३०, म्हणजे ०.४ अँपिअर. ३ सुद्धा भरपूर झाला.

बाबांचा एक्स्टेंशन बोर्ड मात्र कपाटातच राहिला. बरेच जण सुचवतात की एकच अडॅप्टर घ्या, त्यावर भारतातला बोर्ड लावा, सगळे चार्जर तिथे. चार्जरपुरतं ते ठीक चालेलही. पण बोर्ड समोर असला की रात्री कुणीतरी त्यात १५०० वॅटची किटली लावतो. ते साडेसहा अँपिअर होतात, आणि आपला तीन पिनांचा छोटा प्लग ६ अँपिअरचा. वर अडॅप्टर किती सोसेल ते अडॅप्टरलाच ठाऊक. शिवाय आमच्या हॉस्टेलच्या नियमांत बाहेरदेशचे बोर्ड चालणार नाहीत असं स्पष्ट लिहिलं होतं. मी ते वाचलं तिसऱ्या आठवड्यात. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

आणि आता ज्यामुळे मी हा लेख लिहायला बसलो ती गोष्ट. आपला तीन गोल पिनांचा प्लग आपला नाहीच. तो ब्रिटिशांचा. बीएस ५४६ नावाचं त्यांचं १९३४ चं मानक, त्यातला ५ अँपिअरचा छोटा आणि १५ अँपिअरचा मोठा, हेच आज आपल्याकडे ६ आणि १६ अँपिअरचे म्हणून प्रत्येक घरात आहेत. त्यांनी स्वतः ते सोडले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, युद्धानंतर बांधायच्या घरांत वीज कशी असावी हे ठरवायला तिथे एक समिती बसली. कॅरोलाइन हॅसलेट या इंजिनिअर त्यात होत्या, समितीतल्या एकमेव महिला. तांब्याची टंचाई होती, म्हणून कमी तार लागणारी ती कड्याची पद्धत पुढे आली, आणि तिच्यासाठी फ्यूजवाला, झडपवाला चौकोनी पिनांचा नवा प्लग. त्याचं मानक बीएस १३६३ आलं १९४७ मध्ये. साल बघा. ते गेले, जुना प्लग आपल्याकडे राहिला आणि त्यांनी घरी नवा बसवला.

औंधच्या राजेसाहेबांचे चिरंजीव अप्पा पंत १९३० च्या दशकात ऑक्सफर्डला शिकत होते. त्या वेळी इंग्लंडच्या बहुतेक घरांत गोल पिनाच होत्या. म्हणजे औंधहून विलायतेला गेलेल्या त्यांना जी अडचण आली नसती ती मला आली, तेही चौऱ्याऐंशी अॅप असलेला फोन खिशात असताना.

जुना गोल प्लग तिथून पुरता गेलेला नाही, हे मला डिसेंबरात कळलं. विद्यापीठाच्या एका नाटकाला मदत करायला गेलो होतो. रंगमंचावरच्या दिव्यांच्या वायरी उलगडल्या तर टोकाला आपला मोठा १५ अँपिअरचा प्लग! तिथल्या नाट्यगृहांत तो अजून वापरतात, कारण दिव्यांचा फ्यूज एका जागी, डिमरपाशी ठेवणं सोयीचं जातं. उंचावर लटकलेल्या प्लगमधला फ्यूज बदलायला कोण चढणार? काही जुन्या घरांत-हॉटेलांत टेबललॅम्पसाठी भिंतीत छोटं गोल पिनांचं सॉकेटही दिसतं. आपला लॅपटॉपचा प्लग त्यात अलगद बसतो आणि डोळ्यांत पाणी येतं, पण लावू नका. ते दिव्याच्या लाइनवर असतं आणि अनेकदा त्यामागे डिमर असतो. डिमरमधून येणारी कापलेली वीज चार्जरला सोसत नाही.

गेल्या महिन्यात मामेबहिणीचा फोन आला. ती जर्मनीला, आखेनला चाललीय. "दादा, तो तुझा फॉरेनचा अडॅप्टर पडलाय ना घरी? तो नेऊ का?"

गंमत म्हणजे तो तिकडेच चालतो. तरी मी विचारलं, जर्मनीत अर्थिंगच्या पट्ट्या सॉकेटच्या कडेला वर-खाली असतात, त्या अडॅप्टरच्या कडेला धातू आहे का बघ. तिने टॉर्च लावला. नव्हता.

"मग फोनचा चार्जर तसाच ने, दोन गोल पिनांचा तिथे बसतो. लॅपटॉपच्या ठोकळ्याचा फोटो पाठव. दोन फोटो पाठव, एक लेबलचा, एक वायर जिथे बसते तिथला."

दोन्ही आले. लेबल बरोबर होतं, आणि मागे मिकी माऊस.